१ ओहमच्या कागदी फिल्टरपासून ८० हर्ट्झच्या सबवूफरपर्यंत

फिल्टरच्या तक्त्यांचं कुठलंही पुस्तक उघडलं, की पहिल्यांदा वाचणारा चक्रावतो. रेझिस्टर १ ओहमचा, कपॅसिटर १.४१४ फॅरडचा आणि दुसरा ०.७०७ फॅरडचा. दुकानात मिळणारा साधा कपॅसिटर फॅरडच्या एक कोटीव्या भागाचा असतो, आणि इथे दीड फॅरडच्या गोष्टी चाललेल्या. बरं, हा फिल्टर कुठल्या फ्रिक्वेन्सीला आवाज अडवतो? सेकंदाला १ रेडियनला, म्हणजे ०.१५९ हर्ट्झला. एक लाट पुरी व्हायला सहा सेकंदांहून थोडा जास्त वेळ. असा आवाज माणसाला ऐकू येत नाही आणि असा फिल्टर कुणी बांधतही नाही.

तरीही हे तक्ते तसेच छापले जातात. त्यातल्या आकड्यांकडून अपेक्षा एकच असते, ती म्हणजे फिल्टरच्या वागणुकीचा आकार नेमका सांगण्याची. तो आकार हव्या त्या फ्रिक्वेन्सीला आणि हव्या त्या भागांवर नेऊन बसवायला दोन साध्या गुणाकार-भागाकारांची कृती पुरते. एकीला फ्रिक्वेन्सी स्केलिंग म्हणतात, दुसरीला इम्पीडन्स स्केलिंग. गणित आठवीतलं आहे. पण ते करून बांधलेला फिल्टर अपेक्षेप्रमाणे चालला नाही, तर कारण कुठे शोधायचं हे याच दोन कृती नीट समजलेल्या माणसाला चटकन सापडतं. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ.

उदाहरण घरगुती सबवूफरचं. गाण्यातला फक्त खर्जाचा भाग मोठ्या स्पीकरकडे पाठवायचा आणि बाकीचा अडवायचा. सीमा ८० हर्ट्झची. होम थिएटरमध्ये हा आकडा सर्रास वापरतात. फिल्टर बटरवर्थ पद्धतीचा, दुसऱ्या श्रेणीचा. स्टीफन बटरवर्थ या ब्रिटिश अभियंत्याने १९३० साली एका वायरलेस मासिकात हा आकार मांडला. त्याचं वैशिष्ट्य असं, की जो आवाज जाऊ द्यायचा त्या भागात फिल्टर शक्य तितका सपाट राहतो, मध्येच कुठे उंचवटा येत नाही. सीमेवर सिग्नल ०.७०७ पट उरतो. सीमेच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीला तो ०.२४ पट होतो आणि चौपट फ्रिक्वेन्सीला ०.०६ पट.

मांडणी सॅलन आणि की या दोघांची. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतल्या या दोघांनी १९५५ साली ती प्रसिद्ध केली. तेव्हा त्यात निर्वात नळी होती, आज तिच्या जागी ऑप-अँप असतो. सर्किट शब्दांत सांगण्याइतकं सोपं आहे. सिग्नल एकामागोमाग एक अशा दोन रेझिस्टरमधून ऑप-अँपच्या अधिक चिन्हाच्या टोकाशी येतो. त्या टोकापासून जमिनीकडे एक कपॅसिटर जातो. त्याला खालचा कपॅसिटर म्हणू. दोन रेझिस्टरच्या मधल्या बिंदूपासून ऑप-अँपच्या आउटपुटकडे दुसरा कपॅसिटर जातो, तो वरचा. आउटपुट सरळ उणे चिन्हाच्या टोकाला जोडलेलं असतं, त्यामुळे ऑप-अँप सिग्नल वाढवत नाही, जसाच्या तसा पुढे देतो. तक्त्यात दोन्ही रेझिस्टर १ ओहमचे, वरचा कपॅसिटर १.४१४ फॅरडचा आणि खालचा ०.७०७ फॅरडचा. वरचा खालच्याच्या बरोबर दुप्पट आहे, हे लक्षात ठेवा. पुढे त्यावर बरंच काही अवलंबून आहे.

आता फ्रिक्वेन्सी बदलू. कपॅसिटर सिग्नलला किती अडवतो हे दोन गोष्टींवर ठरतं, त्याची फॅरडमधली किंमत आणि सिग्नलची फ्रिक्वेन्सी. ही दोन्ही माणसं सर्किटमध्ये नेहमी जोडीने येतात, गुणाकाराच्या रूपात. फ्रिक्वेन्सी शंभरपट वाढवली आणि कपॅसिटर शंभरपट लहान केला, तर गुणाकार तोच राहतो आणि सर्किटला काही बदलल्याचं कळतच नाही. जे सेकंदाला १ रेडियनला घडत होतं तेच आता १०० रेडियनला घडतं. जे २ रेडियनला घडत होतं ते २०० ला. वक्राचा प्रत्येक बिंदू त्याच प्रमाणात सरकतो. गाणारा काळी एकच्या ऐवजी काळी चारला सा धरतो तेव्हा बंदिश तीच राहते, कारण सुरांची एकमेकांशी असलेली प्रमाणं तीच राहतात, इथेही तसंच. रेझिस्टरला फ्रिक्वेन्सीशी देणंघेणं नसल्यामुळे त्याला हात लावायचा नाही.

आपल्याला ८० हर्ट्झ हवे आहेत. तक्ता मात्र रेडियनमध्ये बोलतो, आणि एका आवर्तनात २π, म्हणजे ६.२८३ रेडियन असतात. म्हणून कपॅसिटर ८० ने भागायचे नाहीत, ८० गुणिले ६.२८३, म्हणजे ५०२.६५ ने भागायचे. या विषयात सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. ती ओळखायलाही सोपी. फक्त ८० ने भागलं, तर कपॅसिटर सहापट मोठे निघतात आणि फिल्टर ८० ऐवजी १२.७ हर्ट्झला अडवायला लागतो. सबवूफर जवळजवळ मुका होतो. कुणी २π दोनदा लावला, तर सीमा ५०३ हर्ट्झवर जाते आणि सबवूफरमधून निवेदकाचा आवाज येऊ लागतो. मोजलेली सीमा आणि हवी असलेली सीमा यांचा भागाकार सहाच्या आसपास आला, की दुसरं काही तपासण्याआधी वहीतला २π पाहावा.

भागाकार केल्यावर वरचा कपॅसिटर २.८१ मिलीफॅरडचा होतो, म्हणजे २८१३ मायक्रोफॅरडचा. खालचा त्याच्या निम्मा. रेझिस्टर अजून १ ओहमचेच. कागदावर हा ८० हर्ट्झचा अगदी बरोबर फिल्टर आहे. पण १ व्होल्टच्या सिग्नलला १ ओहममधून एक अँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो आणि साध्या ऑप-अँपचं आउटपुट काही दहा-वीस मिलिअँपिअरमध्येच दमतं. म्हणून दुसरी कृती.

इम्पीडन्स म्हणजे सर्किटमधल्या भागाने विजेच्या प्रवाहाला केलेला एकूण अडथळा, मग तो भाग रेझिस्टर असो की कपॅसिटर. या सर्किटमध्ये आउटपुटचा व्होल्टेज ठरतो तो या अडथळ्यांच्या आपापसातल्या वाटणीवरून. सगळे अडथळे एकाच संख्येने वाढवले, तर वाटणी तीच राहते. व्होल्टेज बदलत नाही, फक्त प्रवाह तितक्या पटीने कमी होतो. रेझिस्टरचा अडथळा वाढवायला त्याची किंमत गुणायची. कपॅसिटरचं उलटं आहे. मोठा कपॅसिटर कमी अडवतो, म्हणून अडथळा वाढवायला त्याची किंमत भागायची. सर्किटमध्ये कॉइल असती तर ती रेझिस्टरसारखी गुणावी लागली असती. आणि ऑप-अँपचं काय? तो इथे फक्त व्होल्टेज जसाच्या तसा पुढे देतो. एक पट या आकड्याला ओहम नसतात, म्हणून त्याला काहीच करायचं नाही. निदान कागदावर तरी.

दोन्ही कृती एकत्र लिहिल्या तर इतकंच उरतं:

R = R₀ × k_m
C = C₀ / (k_m × k_f)
k_f = 2π × f

यात k_m हा इम्पीडन्सचा गुणक, k_f हा फ्रिक्वेन्सीचा, आणि शून्य लावलेल्या किंमती तक्त्यातल्या.

या तीन ओळींत एक अट दडलेली आहे आणि नवख्याला ती दिसत नाही. आपल्या इच्छा तीन असतात: सीमा अमुक हवी, रेझिस्टर अमुक हवा, कपॅसिटर अमुक हवा. हातात गुणक मात्र दोनच आहेत. सीमा कामाने ठरवून दिलेली असते, म्हणून एक गुणक तिथेच खर्च होतो. उरलेल्या एकाने रेझिस्टर मनासारखा करा किंवा कपॅसिटर, दोन्ही नाही.

बहुतेक जण रेझिस्टर आधी धरतात, कारण १० किलोओहम हा आकडा तोंडात बसलेला असतो. धरून पाहू. k_m दहा हजार. वरचा कपॅसिटर निघतो २८१ नॅनोफॅरडचा, खालचा १४१ नॅनोफॅरडचा. लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुकानात २८१ नॅनोफॅरडचा कपॅसिटर मागून बघा. कपॅसिटर बहुतेक ठिकाणी १०, १५, २२, ३३, ४७, ६८ अशा सहा पायऱ्यांतच मिळतात, म्हणून दुकानदार २२० किंवा ३३० पुढे करेल. रेझिस्टरची गोष्ट वेगळी. एक टक्का अचूकतेच्या रेझिस्टरमध्ये १० ते १०० च्या दरम्यान ९६ किंमती असतात, आणि त्याही पुरल्या नाहीत तर दोन रेझिस्टर एकामागे एक जोडून हवी ती किंमत काही पैशांत मिळते. तेव्हा जे दुर्मीळ आणि हट्टी, ते आधी निवडायचं. जे मुबलक, त्याने जुळवून घ्यायचं.

म्हणून आपण कपॅसिटरपासून सुरुवात करू. वरचा खालच्याच्या दुप्पट हवा. याचा अर्थ एकाच किंमतीचे तीन कपॅसिटर घेतले की काम झालं, दोन समांतर जोडून वरचा आणि एक खालचा. १०० नॅनोफॅरडचे पॉलिएस्टर कपॅसिटर सगळीकडे मिळतात. अंगावर १०४ आणि पुढे जे हे अक्षर छापलेलं असतं. १०४ म्हणजे १० वर चार शून्यं इतके पिकोफॅरड, आणि जे म्हणजे किंमत पाच टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे. वरचा झाला २०० नॅनोफॅरड, खालचा १००.

आता k_m आपण ठरवत नाही, तो आपोआप निघतो. १.४१४ भागिले ५०२.६५ भागिले २०० नॅनोफॅरड, उत्तर १४,०६७. म्हणून दोन्ही रेझिस्टर १४.०७ किलोओहमचे. एक टक्क्याच्या मालिकेत १४.० किलोओहम मिळतो. नाहीच मिळाला तर १२ आणि २ किलोओहम एकामागे एक जोडले की झालं. १४.० ने सीमा ८०.४ हर्ट्झ येते. हा फरक ऐकून कुणालाही ओळखता येणार नाही.

पण या छोट्या फरकाने आकाराचं काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. काहीच केलं नाही. या मांडणीत दोन रेझिस्टर सारखे असले, की वक्राचा आकार फक्त कपॅसिटरच्या प्रमाणावर ठरतो, दोनास एक. सीमा ठरते रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गुणाकारावर. दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत. तीन कपॅसिटर एकाच पाकिटातले घेण्याचा फायदा इथे दिसतो. समजा, ते सगळेच १०० ऐवजी १०४ नॅनोफॅरडचे निघाले. एकाच खेपेचा माल बहुधा एकाच दिशेने चुकतो. प्रमाण दोनास एकच राहिलं, म्हणून आकार शाबूत. सीमा तेवढी चार टक्के खाली येऊन ७७.३ हर्ट्झ झाली. ती वर न्यायची असेल तर दोन्ही रेझिस्टर चार टक्के कमी करायचे, १३.५ किलोओहमच्या जवळ. आकाराला धक्का न लावता फिल्टर पुन्हा जागेवर येतो.

याच्या उलट, डिस्क सिरॅमिक प्रकारचे स्वस्त १०४ घेतले आणि त्यांच्यावर झेड हे अक्षर असलं, तर किंमत वीस टक्के कमी ते ऐंशी टक्के जास्त अशी कुठेही असू शकते. शिवाय त्यांची किंमत तापमानाप्रमाणे आणि त्यांच्यावरच्या व्होल्टेजप्रमाणे हलते. असे तीन भाग घेऊन प्रमाण टिकेल याची कुणी हमी देऊ नये. वीजपुरवठ्याच्या वायरजवळ ते उत्तम काम करतात. फिल्टरच्या सिग्नलमध्ये मात्र त्यांना जागा नाही.

बांधून झालं की मोजायचं. मोबाइलवरच्या टोन जनरेटरने एक व्होल्टच्या आसपास साइन सिग्नल द्यावा, ३० हर्ट्झला आउटपुटची नोंद करावी आणि मग फ्रिक्वेन्सी वाढवत नेत आउटपुट त्याच्या ०.७०७ पट कुठे होतं ते पाहावं. मल्टिमीटर एसीवर ठेवला तरी इतक्या कमी फ्रिक्वेन्सीला चालतो. पण फक्त एक बिंदू मोजून थांबू नये. त्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट जाऊन सिग्नल ०.२४ पट झाला का, हेही बघावं. दोन्ही बिंदू एकाच प्रमाणात सरकलेले असतील, तर आकार बरोबर आहे आणि चूक स्केलिंगच्या आकड्यात आहे. २π, चुकीचा रेझिस्टर किंवा सगळेच कपॅसिटर एका बाजूला. ते प्रमाण बिघडलं असेल, तर चूक कपॅसिटरच्या जोडीत आहे.

सगळ्यात सहज होणारी चूक म्हणजे दोघांची अदलाबदल, वर १०० आणि खाली २००. किंमती त्याच, गुणाकारही तोच, त्यामुळे वहीतलं गणित तपासून काही सापडत नाही. पण ८० हर्ट्झला सिग्नल ०.७०७ ऐवजी त्याच्या निम्मा, ०.३५ पट उरतो आणि ०.७०७ चा बिंदू थेट ३२ हर्ट्झवर येतो. सबवूफर चालतो, फक्त पोकळ वाटतो. उलट प्रमाण दोनाऐवजी चारास एक झालं, तर सीमेच्या अलीकडे साधारण पंधरा टक्क्यांचा उंचवटा येतो आणि खर्जातला एखादा सूर इतरांपेक्षा उगाच घुमायला लागतो. हे प्रमाण असलेले फिल्टर मुद्दाम बनवणारेही असतात, पण त्याला बटरवर्थ म्हणत नाहीत.

आता कागदावरच्या त्या आश्वासनाकडे, सगळे अडथळे एका संख्येने बदलले की आकार तोच राहतो. आश्वासन अगदी खरं आहे. अडचण 'सगळे' या अटीत आहे. आपण जे स्केल करतो ते रेझिस्टर आणि कपॅसिटर. सर्किटमध्ये मात्र असे पाहुणे असतात ज्यांना आपला गुणक लागू होत नाही.

पहिला पाहुणा इनपुटला जोडलेला. फिल्टरच्या आधी १० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट असेल आणि तो मध्यावर असेल, तर फिल्टरला त्याच्यातून अडीच किलोओहमचा अडथळा दिसतो. तो पहिल्या रेझिस्टरमध्ये मिसळतो आणि १४ चे १६.५ होतात. सीमा ८०.४ वरून ७४ हर्ट्झवर येते. त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे आवाज कमीजास्त केला की सीमाही हलते. उपाय सोपा. टीएल०७२ या आयसीत दोन ऑप-अँप असतात. एकाचा फिल्टर करायचा, दुसरा पॉट आणि फिल्टर यांच्या मध्ये साधा बफर म्हणून बसवायचा. हा बफर काढून k_m वाढवूनही परिणाम कमी करता येतो, कारण अडीच किलोओहम १४० किलोओहमच्या पुढे नगण्य होतात. पण मग दुसरे पाहुणे डोकं वर काढतात.

k_m किती वाढवता येतो? दहा लाख केला तर रेझिस्टर १ मेगओहमचे होतात आणि कपॅसिटर २.८ आणि १.४ नॅनोफॅरडचे. भाग लहान, स्वस्त, सुटसुटीत. पण ऑप-अँपच्या इनपुटला थोडासा स्थिर प्रवाह लागतो आणि तो या दोन रेझिस्टरमधूनच यावा लागतो. एनई५५३२ सारख्या ऑप-अँपला तो साधारण २०० नॅनोअँपिअर लागतो. दोन मेगओहममधून तो आला की ०.४ व्होल्टचा डीसी फरक पडतो, सिग्नल नसतानासुद्धा. टीएल०७२ चं इनपुट जेफेट प्रकारचं असल्यामुळे त्याचा प्रवाह पिकोअँपिअरमध्ये मोजतात. तिथे हा प्रश्न उरत नाही. तरीही मेगओहमच्या बिंदूजवळून विजेची वायर गेली तर तिची ५० हर्ट्झची घरघर त्यात शिरतेच. आणि आपला फिल्टर ८० च्या खालचं सगळं जाऊ देण्यासाठीच बांधलेला आहे. ५० हर्ट्झ त्यातून निर्धास्त जातात, पुढे मोठ्या अँप्लिफायरमधून वाढतात आणि सबवूफरच्या पेटीत गुरगुरतात. खर्जाच्या फिल्टरमध्ये इम्पीडन्स उगाच वाढवू नये याचं खरं कारण मला तरी हेच वाटतं. मोठ्या रेझिस्टरची सळसळ पुस्तकांत जास्त वाचायला मिळते, पण सबवूफरवर तिचा फारसा उपद्रव होत नाही.

उलट दिशेला, k_m शंभरावर आणला तर रेझिस्टर १०० ओहमचे आणि कपॅसिटर २८ आणि १४ मायक्रोफॅरडचे होतात. इतक्या मोठ्या किंमतीला बहुधा इलेक्ट्रोलिटिक घ्यावे लागतात, वीस टक्के इकडेतिकडे आणि धन-ऋण टोकं सांभाळायची. सोबत ऑप-अँपवर प्रवाहाचा बोजा. आणखी एक बारीक गोष्ट आहे. वरचा कपॅसिटर इनपुटला थेट आउटपुटशी जोडतो. उंच फ्रिक्वेन्सीला ऑप-अँपची ताकद संपत येते, त्याचं आउटपुट घट्ट धरून राहत नाही, आणि पहिल्या रेझिस्टरमधून आलेला सिग्नल वरच्या कपॅसिटरच्या वाटेने आउटपुटला गळतो. फिल्टरचा वक्र खाली जाता जाता एका फ्रिक्वेन्सीनंतर पुन्हा वर वळतो. रेझिस्टर जितका लहान, तितकी गळती जास्त. मोबाइल चार्जरचा किंवा स्विचिंग सप्लायचा उंच आवाज अडवायला हा फिल्टर लावला आणि तो अडलाच नाही, असं झालं तर संशय इथे घ्यावा. दहा ते शंभर किलोओहमच्या दरम्यान रेझिस्टर ठेवायची जी सर्वसाधारण सवय आहे, ती या दोन्ही बाजूंच्या ओढाताणीतून आली आहे.

फ्रिक्वेन्सीच्या बाबतीतही एक पाहुणा स्केल होत नाही. तोच ऑप-अँप. टीएल०७२ चा आवाका सुमारे ३ मेगाहर्ट्झचा. ८० हर्ट्झच्या तुलनेत तो अथांग आहे. तोच तक्ता, तीच कृती वापरून १०० किलोहर्ट्झचा फिल्टर काढला तर आकडे तितकेच सुबक येतात, पण आवाका फक्त तीसपट उरतो आणि सीमा तसंच आकार दोन्ही कागदापासून ढळतात. त्यात रेझिस्टर १०० किलोओहमचे धरले, तर खालचा कपॅसिटर ११ पिकोफॅरडचा निघतो. ब्रेडबोर्डच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्येच काही पिकोफॅरड लपलेले असतात. म्हणजे फिल्टरचा चांगला हिस्सा आपण नव्हे, ब्रेडबोर्डच्या कारखान्याने ठरवलेला असतो.

ऑप-अँप टाळून हाच फिल्टर स्पीकरच्या आधी, कॉइल आणि कपॅसिटरने करता येणार नाही का? येतो, पण तिथे इम्पीडन्सचा गुणक आपल्या हातात राहत नाही. स्पीकर ८ ओहमचा, म्हणून k_m आठ, विषय संपला. तक्त्यातली कॉइल १.४१४ हेन्री आणि कपॅसिटर ०.७०७ फॅरड. ८० हर्ट्झला नेल्यावर कॉइल २२.५ मिलीहेन्रीची आणि कपॅसिटर १७६ मायक्रोफॅरडचा होतो. पूर्ण ताकदीचा प्रवाह झेलणारी इतकी मोठी कॉइल म्हणजे तांब्याचा चांगलाच गोळा. आणि स्पीकर ८ ओहमचा असतो तो त्याच्या पाटीवर. आपल्या नैसर्गिक कंपनाच्या जवळ तो कित्येक पटीने जास्त अडथळा दाखवतो, आणि सबवूफरचं ते कंपन नेमकं याच टापूत येतं. ज्या एका संख्येवर सगळी स्केलिंग उभी, तीच हलती. म्हणून इतक्या खाली बहुतेक जण ऑप-अँपचा फिल्टर आणि सबवूफरसाठी वेगळा अँप्लिफायर असाच मार्ग धरतात.

शेवटी सबवूफरच्या मागे असलेल्या त्या नॉबबद्दल, ज्यावर ४० ते १६० असे आकडे लिहिलेले असतात. तो नॉब म्हणजे चालती-फिरती फ्रिक्वेन्सी स्केलिंग. कपॅसिटर तसेच ठेवून दोन्ही रेझिस्टर एकाच प्रमाणात बदलले, की आकार तोच आणि सीमा सरकते. आपल्या फिल्टरमध्ये प्रत्येक १४ किलोओहमच्या जागी ६.८ किलोओहम आणि त्यामागे २२ किलोओहमचा पॉट बसवा; दोन्ही पॉट एकाच दांड्यावरचे, स्टिरिओ व्हॉल्यूमला वापरतात तसले. एका टोकाला रेझिस्टर ६.८ आणि सीमा १६५ हर्ट्झ, दुसऱ्या टोकाला २८.८ आणि ३९ हर्ट्झ. नॉब बरोबर मध्ये असताना मात्र १०० नाही, ६३ हर्ट्झ येतात, कारण सीमा रेझिस्टरच्या व्यस्त प्रमाणात बदलते. अर्ध्या फेऱ्यात ३९ ते ६३ आणि उरलेल्या अर्ध्यात ६३ ते १६५ कोंबलेले. सारख्या अंतरावर आकडे हवे असतील तर उलट्या लॉग वळणाचा पॉट शोधावा लागतो.

एका दांड्यावरचे दोन स्वस्त पॉट कधीच तंतोतंत सारखे नसतात. समजा त्यांच्यामुळे एक रेझिस्टर दुसऱ्यापेक्षा दहा टक्के जास्त झाला. सीमेवर सिग्नल ०.७०७ ऐवजी ०.७०६ पट येतो, म्हणजे आकारात दिसेल असा फरकच पडत नाही. सीमा तेवढी साधारण पाच टक्के सरकते, आणि ती तर आपण कानाने ऐकत नॉब फिरवून लावणारच असतो. हीच दहा टक्क्यांची चूक कपॅसिटरच्या प्रमाणात झाली, तर सीमेवरचा आकडा पाच टक्क्यांनी बदलतो. त्यामुळे पॉट साधा घेतला तरी चालतो. जास्तीचे चार पैसे तीन पॉलिएस्टर कपॅसिटरवर घालावेत.